हात धुताना काय घडते

प्रिय विद्यार्थिमित्रहो,

मागील सत्रात तुमच्यापैकी एकाने वर्गात विचारले होते, "सर, साबणाने जंतू मरतात ना?" तासाची घंटा झाल्यामुळे उत्तर अर्धवट राहिले. ते आज या पत्राने पुरे करतो.

उत्तर असे की, साबण जंतूंना मारतो थोडे आणि काढून टाकतो फार. काही नाजूक जंतूंचे आवरण साबणाने फुटते हे खरे. परंतु आपल्या हातावरील बहुतेक बॅक्टेरिया जिवंतच मोरीत वाहून जातात. एक मिलिमीटर लांबीत हे जीव एकापुढे एक असे पाचशे ते हजार मावतील. एवढे हलके असूनही ते नुसत्या पाण्याने का निघत नाहीत? तळहाताच्या कातडीत तेल पाझरणाऱ्या ग्रंथी नसतात. तथापि आपण तोंड पुसतो, केसांवरून हात फिरवतो, भाजी-भाकरी खातो. त्यामुळे तळहातावर तेलाचा पातळ थर सदैव असतो. जंतू व मळ या थरात रुतून बसतात. पाणी आणि तेल यांचे सख्य नसल्यामुळे पाणी वरूनच निसटून जाते.

साबण हा तेल व दाहक सोडा यांच्या संयोगापासून होतो. त्याच्या प्रत्येक कणाचे एक टोक पाण्याला धरते आणि लांब शेपटी तेलाला धरते. हात चोळू लागताच या असंख्य शेपट्या तेलात शिरतात, थराचे बारीक थेंब होतात, आणि प्रत्येक थेंबाभोवती साबणाचे कण शेपट्या आत व तोंडे बाहेर करून कडे धरतात. आता तो थेंब पाण्याला परका राहत नाही. जंतूंची पकडही याच चोळण्याने सुटते, आणि वरून ओतलेले पाणी त्या साऱ्यांना घेऊन जाते.

हे डोळ्यांनी पाहावयाचे असल्यास दोन्ही तळहातांना खोबरेल तेलाचे बोट फिरवा व त्यावर कोळशाची वस्त्रगाळ पूड चोळा. एक हात नुसत्या पाण्याखाली धरा. पाण्याचे मणी होऊन ओघळतील, काळिमा तसाच राहील. दुसऱ्याला साबण लावून पाहा. पूड म्हणून हळद मात्र घेऊ नका; साबणातील अल्कलीने ती तांबडी होते आणि पाहणाराची फसगत होते.

जंतूंच्या बाबतीतही असाच पडताळा लंडन येथे घेतलेला आहे. त्याचा वृत्तांत २०११ साली प्रसिद्ध झाला. वीस माणसांनी सार्वजनिक ठिकाणच्या दारांच्या मुठी व कठडे यांना मुद्दाम हात लावले. त्यानंतर कधी हात धुतलेच नाहीत, कधी नुसत्या पाण्याने धुतले, तर कधी साध्या साबणाने धुतले. प्रत्येकाने हे चोवीस वेळा केले, म्हणजे एकंदर ४८० नमुने झाले. विष्ठेतून येणाऱ्या जातींचे जंतू न धुतलेल्या हातांवर शेकडा ४४ वेळा सापडले, पाण्याने धुतलेल्यांवर २३ वेळा, आणि साबणाने धुतलेल्यांवर केवळ ८ वेळा. या साबणात कोणतेही जंतुघ्न औषध नव्हते, हे ध्यानात ठेवा. आणि ८ म्हणजे शून्य नव्हे, हेही विसरू नका.

साबणाचे काम काढून टाकण्याचे आहे असे समजले, म्हणजे आपण कोठे चुकतो तेही उमगते. साबण लावून लगेच हात पाण्याखाली धरला, तर शेपट्या तेलात शिरण्यापूर्वीच साबण वाहून जातो. म्हणून निदान वीस सेकंद चोळावे. अंगठा, बोटांची टोके, बोटांमधील बेचके आणि नखांच्या आतील भाग बहुधा कोरडेच राहतात, आणि घास तर आपण अंगठा व बोटांची टोके यांनीच उचलतो. ज्यांच्या विहिरीचे पाणी जड असेल त्यांना फेसाऐवजी पांढरा साका दिसेल. तो म्हणजे पाण्यातील चुन्याशी जडून वाया गेलेला साबण होय. फेस येईपर्यंत आणखी साबण लावावा. तांब्याने ओतलेले पाणी चालेल, परंतु सर्वांनी हात बुडवलेल्या घमेल्यात हात धुतल्यास एकाचे सुटलेले जंतू दुसऱ्यास लागतात. शेवटी हात स्वच्छ पंचाने कोरडे करावेत, कारण ओल्या हातावरून जंतू दुसऱ्या वस्तूवर लवकर जातात.

तुमच्यापैकी कित्येक जण सायंकाळी धाकट्या भावंडास भात कालवून भरवतात. तान्ह्या मुलास हगवण लागली की त्याच्या अंगातील पाणी फार त्वरेने कमी होते आणि एका दिवसात त्याच्या जिवावर बेतू शकते. तो घास तुमच्या बोटांच्या टोकांवरून जातो. तेव्हा शौचाहून आल्यावर आणि भरवण्यापूर्वी ही टोके आधी चोळा.

तुमचा,
विज्ञानशिक्षक