रविवारी रात्री बारा ते चार

इंटरनेटवाल्यांची पहिली छापील क्षमायाचना आमच्या धाडमध्ये आली तेव्हा मी ती दोनदा वाचली. एकदा मजकुरासाठी आणि एकदा आनंदासाठी. आधी बंद करायचं आणि मग 'काहून बंद हाय?' असं विचारणाऱ्यावरच खेकसायचं, ही रीत मला परिचयाची. इथे बंद व्हायच्या तीन दिवस आधी कोणीतरी माफी मागत होतं! व्हॉट्सॲपवर शिडीवर चढलेल्या माणसाचं चित्र होतं आणि त्याखाली ओळी होत्या :

'सर्व ग्राहकांना कळविण्यात येते की, रविवार दि. 18 रोजी रात्री 12 ते पहाटे 4 या वेळेत देखभालीच्या कामासाठी इंटरनेट सेवा बंद राहील. होणाऱ्या तसदीबद्दल मनःपूर्वक क्षमस्व.'

पुढे जोडलेले हात. 'मनःपूर्वक' मधला विसर्गसुद्धा जागेवर होता. निवृत्त मराठीच्या मास्तराला आणखी काय हवं? मी विसर्ग पाहून विरघळलो आणि वेळ नीट वाचली नाही.

गोष्ट 2025 च्या मे महिन्यातली. न्यू जर्सीत आमच्या नातीचं बारसं होतं, तिथल्या शनिवारी दुपारी तीनला. उन्हाळ्यात आपलं घड्याळ त्यांच्या साडेनऊ तास पुढे असतं. म्हणजे आमच्याकडे रात्रीचे साडेबारा. सौ.ने कॅलेंडर काढून पाहिलं, मी नोटीस पाहिली आणि दोघांचं एकमत झालं. (आमच्या घरी ही घटना अधूनमधून घडते आणि दर वेळी महागात पडते.) बारसं शनिवारी रात्री, बंद रविवारी रात्री. बिनघोर राहा.

आता बघा, 'रविवारी रात्री बारा' म्हणजे नेमके कधीचे? पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे सौ.च्या लेखी रात्री साडेबारालाही शनिवारच चालू. घड्याळ बाराच्या ठोक्याला रविवार मोजतं. अमेरिकेत तर तेव्हा चक्क शनिवारची दुपार. रात्री बारा वीसच्या गाडीसाठी एक दिवस उशिरा स्टेशनवर पोचणारी माणसं प्रत्येक घराण्यात असतात. ती मूर्ख नसतात, पंचांग मानणारी असतात. नोटीस लिहिणारा मात्र घड्याळाचा माणूस निघाला.

शनिवारी पावणेबारालाच आम्ही पडद्यासमोर बसलो. सौ. नव्या लुगड्यात, मी इस्त्रीचा सदरा आणि खाली पायजमा, कारण पडद्यावर खालचं दिसत नाही. पाळणा दिसला, फुगे दिसले, विहीणबाईंचं अर्धं कपाळ दिसलं. बाराचा काटा जुळला आणि विहीणबाई तोंड उघडं ठेवून थिजल्या. डबीवरचा एलओएस नावाचा दिवा लाल झाला.

मी कपाटामागे वाकून वायर हलवली, कपाट ओढलं, पुन्हा लोटलं. मग आम्ही मोबाइल घेऊन गच्चीवर धावलो. तिथे पाण्याच्या टाकीला टेकून उभं राहिलं की एक काडी रेंज येते. आत्याबाई बाळाच्या कानाशी वाकल्या. 'कुर्र...' एवढं ऐकू आलं आणि पुढे सगळं कुर्रच. टाकीच्या भोवती तीन फेऱ्या झाल्या, नाव काही खाली उतरलं नाही. सौ. काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मी फार घाबरतो.

पहाटे चारला शेजारच्यांचं नेट आलं. आमचा दिवा लालच. सात वाजता मी फोन केला. नऊला नेटवाला पोरगा आला. डोळे तांबारलेले, बोटांना काळा डिंक.

"सर, रात्रभर चौकातच होतो ना जी." तो म्हणाला. मुख्य केबल दुसऱ्या खांबावर घ्यायची होती. तिच्यात काचेचे चोवीस तंतू, प्रत्येक केसासारखा. एकेकाचं रंगीत साल काढायचं, स्पिरिटने पुसायचं, टोक काटकोनात कापायचं आणि यंत्रात दोन टोकं समोरासमोर ठेवायची. यंत्र ठिणगी पाडून काचेला काच वितळवतं, मग वर नळी चढवून ती गरम करून आवळायची. एका सांध्याला पाच मिनिटं धरली तरी चोवीसांना दोन तास. वरचा वेळ डास मारण्यात. टोकावर धुळीचा कण आला की यंत्र जोड वाईट सांगतं आणि पुन्हा पहिल्यापासून. निळ्याला निळा, नारिंगीला नारिंगी. रंग चुकला तर एका गल्लीचा उजेड दुसऱ्या गल्लीला जातो. "म्हणून रात्री करतो सर, तेव्हा कमी लोकं वापरतात." मी पायजम्याकडे पाहिलं.

"पण आमचंच काहून नाही आलं?"

"शेजारच्यांचं आलं ना? तुमची अन् त्यांची वायर एकाच डब्यातून निघते. म्हणजे डब्यापर्यंत उजेड हाय. बिघाड डब्यापासून तुमच्या घरापर्यंत." मला हे तर्कशास्त्र इतकं आवडलं की क्षणभर राग विसरलो. त्याने आमची वायर काढून एका छोट्या मापकात खुपसली. उणे एकतीस. हा आकडा उणे आठ ते उणे सत्तावीसच्या दरम्यान हवा म्हणे. त्याखाली गेला की डबीला उजेड दिसेनासा होतो. मग त्याने वायर हाताने चाचपत मागे मागे नेली आणि कपाटाशी थांबला. कपाटाच्या पायाखाली वायर घडी घालून दाबली गेली होती. काच वाकते, पण वळण फार आवळलं की उजेड वळणावरच बाहेर सांडतो.

"हे कपाट कोणी लोटलं जी?"

सौ.ने माझ्याकडे पाहिलं. रात्रीपासून साठवलेलं सगळं त्या एका नजरेत होतं.

सुदैवाने तंतू तुटला नव्हता. त्याने घडी सोडवली, दिवा हिरवा झाला. "बांगडीएवढं वळण ठेवत जा काकू," तो सौ.ला म्हणाला. माझ्यावरचा विश्वास उडाला होता. तेवढ्यात मोबाइल किणकिणला आणि नातीचं नाव, पाळण्याच्या फोटोसकट, एकदम आलं. सौ.ने ते दोनदा मोठ्यांदा वाचलं आणि पोऱ्याला चहाबरोबर बारशाच्या घुगऱ्या दिल्या.

मी मात्र त्याला सोडलं नाही. नोटिशीतली तारीख समोर धरली. त्याने डोकं खाजवलं. "सर, मजकूर मीच लिहिला. पुढच्या वेळी तुम्ही लिहून द्या ना."

तेव्हापासून हे खातं माझ्याकडे आहे. मागच्या खेपेला मी लिहिलं : 'मंगळवारी रात्री जेवून झोपल्यावर, घड्याळात 12 वाजून 1 मिनिटाने (तारीख 10, बुधवार लागल्यावर) सेवा बंद होईल व बुधवारी सकाळी उठण्यापूर्वी, 4 वाजता सुरू होईल. त्यानंतरही दिवा लाल असल्यास प्रथम शेजाऱ्यांना विचारावे व नंतर कपाटामागे पाहावे.' क्षमायाचना तशीच ठेवली, विसर्गासकट. शेवटच्या वाक्यावर दोन ग्राहकांनी आक्षेप घेतला की, आमच्याकडे कपाटच नाही.