कासार आंबोलीची दोन शेळ्या आणि बारमाही चहा

पुण्याहून चांदणी चौक ओलांडला, की भूगाव, भुकूम आणि पिरंगुट मागे टाकीत रस्ता पौडकडे निघतो. पिरंगुटचे कारखाने संपतात न संपतात तोच कासार आंबोली येते. एका अंगाला भाताची खाचरे, दुसऱ्या अंगाला डोंगर, आणि मधे अलीकडच्या बंगल्यांची तारेची कुंपणे. इथून पश्चिमेला ताम्हिणीपर्यंत पाऊस वाढत जातो. आंबोलीला तो घाटाइतका नसला, तरी जून ते सप्टेंबर अंगणातला चिखल काही वाळत नाही. शेळीच्या दृष्टीने हीच या गावाची पहिली ओळख. शेळी कोरड्या मुलखाचे जनावर आहे. उन्हाला ती दाद देत नाही, पण ओल तिला मारते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. गावात एक मावशी आहेत. घरात सून, दोन नातवंडे आणि मुलगा कारखान्यात. चराईचे रान कुंपणात गेले तेव्हा त्यांनी म्हैस विकली, आणि दूध पिशवीचे येऊ लागले. 2019 च्या उन्हाळ्यात त्यांनी मला विचारले, "साहेब, घरापुरत्या दुधाला शेळी ठेवू का?" मी म्हणालो, ठेवा. पांढरीशुभ्र संगमनेरी शेळी बाजारातून आली. "खाचराच्या बांधावर फुकटचं गवत आहे, तिथं बांधा," हेही मीच सांगितले. गौरी-गणपतीच्या सुमारास शेळीच्या जबड्याखाली पाण्याची थैली लोंबू लागली, आणि चार दिवसांत ती गेली. पोटात जंत आणि यकृतात चपटे कृमी, असे डॉक्टरांनी सांगितले. मावशी मला काही बोलल्या नाहीत. चहा मात्र त्या दिवशी कोराच दिला.

चूक कुठे झाली ते नीट समजून घ्या. ओल्या गवताच्या पात्यांवर जंतांची पिल्ले चढून बसतात. साचलेल्या पाण्यात ज्या गोगलगायी असतात, त्यांच्यात यकृतकृमी वाढतो आणि तिथून बांधाच्या गवतावर येतो. म्हणजे पावसात खाचराचा बांध हे शेळीला विषाचे ताटच. रोग ओळखायला जबड्याखालची सूज येईपर्यंत थांबू नका, तेव्हा फार उशीर झालेला असतो. दर पंधरवड्याला शेळीची खालची पापणी बोटाने उलटून पाहा. आत लालसर गुलाबी दिसले तर ठीक. फिकट पांढरे दिसले तर रक्त आटले आहे, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जंताचे औषध पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा सरताना एकदा द्यावे. यकृतकृमीचे औषध वेगळे असते, हे डॉक्टरांना आठवणीने सांगावे. शेळी गाभण असेल तर तेही सांगावे, कारण काही औषधे गाभणीला चालत नाहीत. आंत्रविषाराची लस पावसाच्या तोंडाशी दरवर्षी टोचून घ्यावी, आणि पीपीआरची लस कधी द्यायची तेही त्याच वेळी विचारून ठेवावे.

वर्षभराने मावशींनी पुन्हा शेळी घ्यायचे म्हटले. या खेपेला आम्ही आधी जागा केली. पडवीच्या कडेला जमिनीपासून अडीच फूट उंच बांबूचा माचा बांधला. दर शेळीमागे दहा-बारा चौरस फूट जागा धरली. पट्ट्यांमधे अर्ध्या इंचाची फट ठेवली, म्हणजे लेंडी आणि मूत खाली पडते आणि अंग कोरडे राहते. करडांचे पाय फटीत अडकू नयेत म्हणून त्यांच्या कोपऱ्यात पोती अंथरली. वाऱ्याच्या बाजूला पेंढ्याचा कूड केला, वरचा हातभर भाग मोकळा सोडला. सगळे बंद केले तर मुताच्या वाफेनेच शेळी खोकू लागते.

आता जात कोणती? संगमनेरी दुधाला बरी, उस्मानाबादी काटक आणि बहुधा जुळी देणारी, कोकण कन्याळ भर पावसाच्या सिंधुदुर्गातली. विलायती सानेन तांब्याऐवजी कळशी भरते म्हणतात, पण तिचा खुराक आणि निगा आपल्या घरात झेपणारी नाही. माझे आता मत असे, की नावापेक्षा ती शेळी कोणत्या पावसात वाढली ते पाहा. मावशींनी दोन शेळ्या घेतल्या त्या काळ्या, उस्मानाबादी वळणाच्या, पण मुळशीच्याच एका कळपातल्या, दुसऱ्या-तिसऱ्या विताच्या. घेण्याआधी संध्याकाळची आणि दुसऱ्या सकाळची अशा दोन धारा समोर काढायला लावल्या. धार काढल्यावर कास रिकाम्या पिशवीसारखी लोळली पाहिजे. धार निघूनही कास टणक राहिली, तर ती मांसाची कास, दुधाची नव्हे. सड दोनच आणि सारखे असावेत, गाठ नसावी. अशी शेळी करडांचे भागवून घराला रोज पाऊण लिटरच्या आसपास देते. चांगला खुराक असला तर पहिले दोन महिने लिटरभरही देते.

पण दोन शेळ्या का, एक का नाही? इथेच खरी गोम आहे. आपल्या गावठी शेळीचे दूध साधारण पाच महिने चालते. गाभणपण पाच महिन्यांचे, म्हणजे दीडशे दिवसांचे. एकच शेळी असली तर निम्मे वर्ष घर कोरडे. दोन असल्या आणि दोन्ही एकदम व्याल्या, तरी तेच. म्हणून पहिली शेळी एप्रिलच्या सुरवातीला बोकडाला दाखवायची. ती ऑगस्टच्या अखेरीस विते आणि जानेवारीपर्यंत दूध देते. दुसरी सप्टेंबरच्या आरंभी दाखवायची. ती जानेवारीच्या शेवटी विते आणि जूनअखेरपर्यंत पुरते, एखादी जुलैतही ओढते. मधे जुलै-ऑगस्टचा खाडा पडतो, तो पडू द्यावा. तो भरून काढायला जुलैत वीत धरले, तर ओलीने करडे न्युमोनियाने जातात. दोन वर्षांत तीन विते घेता येतात हे खरे, पण घरच्या दुधासाठी वर्षाला एकच वीत मी सांगतो.

माज ओळखणे सुनेने लवकर शिकून घेतले. शेळी सारखी ओरडते, शेपूट हलवते, दुसरीवर चढते, चारा सोडते. माज दीड दिवसाच्या आत ओसरतो, म्हणून सकाळी दिसला तर संध्याकाळी आणि पुन्हा दुसऱ्या सकाळी बोकडाकडे न्यावे. नाही फळली तर सुमारे तीन आठवड्यांनी पुन्हा येते. त्या तारखा मावशींच्या घरी दिनदर्शिकेवर पेन्सिलीने लिहिलेल्या असतात. बोकड घरी ठेवलेला नाही. त्याचा वास दुधाला लागतो.

व्यायच्या वेळी फार हात लावायचा नसतो. शेपटीच्या दोन्ही अंगांना खळगे पडले, कास ताठली, शेळी पायाने जमीन उकरू लागली, की समजावे. आधी पुढचे दोन खूर आणि त्यांवर टेकलेले नाक दिसले तर गप्प बसावे. पण जोराने कळा देऊन अर्धा-पाऊण तास झाला आणि पुढे काही सरकले नाही, तर डॉक्टरांना बोलवावे. करडाचे नाक-तोंड पुसावे. नाळ दोन-अडीच इंचांवर स्वच्छ दोऱ्याने बांधून कापावी आणि टोक टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावे. तासाभराच्या आत चीक पोटात गेलाच पाहिजे. दोन किलोच्या करडाला पहिल्या दिवसात साधारण दोनशे मिलिलिटर चीक लागतो, चार-पाच वेळा करून. खरवसाची हौस करडाच्या जिवावर करू नये. वार बहुधा काही तासांत पडते. ती ओढू नये. बारा तास झाले तरी राहिली तर डॉक्टर.

घराला दूध पाचव्या दिवसापासून घ्यावे, पण सुरवातीला करडांचे पोट भरून उरेल तेवढेच. करडे तीन आठवड्यांची झाली, की मावशी त्यांना रात्री डालग्याखाली झाकतात. सकाळी सहाला सगळी धार घराची, मग दिवसभर करडे आईपाशी. त्यामुळे करडे खंगत नाहीत आणि घरालाही तांब्या मिळतो. जुळी असली तर घराचा वाटा कमी, हे सुनेला आधी पटत नव्हते. तिसऱ्या महिन्यात करडे पाल्यावर लागली, की संध्याकाळची धारही घरात येते.

धार काढताना कास कोमट पाण्याने धुऊन पुसावी. पहिल्या दोन चिळकांड्या काळ्या फडक्यावर सोडाव्यात. गुठळ्या किंवा रक्ताची छटा दिसली, तर ती कासेच्या दाहाची सुरवात, ते दूध घरात आणू नये. सड अंगठ्याने ओढू नये, वरून खाली एकेक बोट मिटत मुठीने पिळावा. दूध गाळून लगेच उकळावे. कच्चे दूध औषधी म्हणून पिण्याची सवय वाईट, त्यातून माणसाला ताप लागतो आणि तो महिनोन् महिने सोडत नाही. पुण्याहून पावसाळ्यात डेंग्यूच्या रोग्यासाठी लोक दामदुप्पट देऊन शेळीचे दूध मागायला येतात. त्या रोगाला ते दूध उपाय ठरल्याचे मला कुणा डॉक्टराने सांगितलेले नाही. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी हे दूध देऊ नये, त्यात बाळाच्या रक्ताला लागणारे फॉलिक आम्ल फार थोडे असते.

चाऱ्याला आता बांध नाही. कुंपणाच्या कडेने शेवरी, हादगा आणि सुबाभूळ लावले आहेत, डोंगरावरून उंबराचा, आपट्याचा, करवंदीचा पाला येतो. शेळीला रोज तीन-चार किलो पाला लागतो. तो जुडी करून टांगावा, कारण जमिनीवर पडलेला, तुडवलेला पाला ती तोंडात धरत नाही. सुबाभूळ एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. खुराकाच्या दहा किलोंत मक्याचा भरडा चार किलो, शेंगदाणा पेंड दोन, गव्हाचा कोंडा दोन, तुरीची चुणी एक किलो सातशे ग्रॅम, क्षारमिश्रण दोनशे ग्रॅम आणि मीठ शंभर ग्रॅम. दुभत्या शेळीला यातले पाव किलो, आणि लिटरभर दूध देत असेल तर आणखी पाव किलो, दोन वेळा वाटून. पेंडीला बुरशीचा वास आला तर सरळ फेकून द्यावी. पावसाळ्यात शेळ्या माच्यावरच राहतात. उघडीप मिळालीच, तर दहिवर वाळल्यावर दहा वाजता डोंगराच्या अंगाला तासभर सोडतात, खाचराकडे कधीच नाही.

गेल्या श्रावणात मी गेलो तेव्हा नेमका खाडा चालू होता, चहा कोराच मिळाला. मावशी म्हणाल्या, "साहेब, पंधरा दिसांनी या, काळी यायला झालीय." सून माच्यावर पापण्या उलटून पाहत होती. दोन्ही गुलाबी होत्या.