पानं किती मांडायची?

गणपती बसण्याच्या आधीच्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक निरोप जातो : रविवारी दुपारी महाप्रसाद आहे, येणार असल्यास कळवावे. मग दोन दिवस उत्तरं येत राहतात. 'जी ज़रूर', 'कोशिश करेंगे', 'आम्ही आहोतच', '+2', 'मम्मीजी का पता नहीं, बाकी पक्का'. काही जण नुसते हात जोडतात, काही 'गणपती बाप्पा मोरया' लिहितात. आणि आचारी फोनवर एवढंच विचारतो, "मॅडम, गिनती बताइए."

नोएडातल्या आमच्या सोसायटीत २४० फ्लॅट आहेत. मराठी घरं थोडी, बाकी पंजाब, उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, तमिळनाडू अशा सगळ्या ठिकाणची. इकडे चतुर्थीला महाराष्ट्रासारखी सरसकट सुट्टी नसते, त्यामुळे महाप्रसाद रविवारीच ठेवावा लागतो. २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला, बुधवारी आली आणि महाप्रसाद ३१ तारखेच्या रविवारी ठरला. पानं मोजायचं काम माझ्याकडे असतं आणि ते मला मनापासून आवडतं. जेवायला बोलावलेल्या माणसाला पंगतीत बसल्यावर वाट पाहायला लागू नये, आणि शिजवलेलं अन्न ऑगस्टच्या उकाड्यात विटून टाकून द्यावं लागू नये, या दोन्ही गोष्टी त्या आकड्यावर ठरतात.

गावाकडे हे काम आमंत्रण करतानाच होऊन जायचं. अक्षता घेऊन दारात गेलेला माणूस 'घरटी एक' की 'चूलबंद' ते सांगूनच यायचा, आणि घरातलं कोणी परगावी असेल तर ते त्याला उंबऱ्यातच कळायचं. ग्रुपवरच्या निरोपात यातलं काहीच नसतं. 'येणार' म्हणणारा एकटा येणार की सासू-सासऱ्यांसकट पाच जण, हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं. म्हणून मी निरोपाचा मजकूरच बदलला. आता त्यात लिहिलेलं असतं : फ्लॅट क्रमांक, मोठी माणसं, दहा वर्षांखालची मुलं, याच क्रमाने पाठवा. नमुना म्हणून खाली `B-704 3 1` अशी एक ओळ देते. लोक नमुना बघून तसंच लिहितात. येणार का, एवढंच विचारलं की सद्भावना मिळते. किती, असं विचारलं की घरात विचारपूस करून मग उत्तर येतं.

मोजायचं एकक फ्लॅट. या एका गोष्टीवर मी ठाम आहे, कारण बाकीची सगळी साधनं फोन मोजतात. व्हॉट्सॲपवर मतदान घेतलं तर नवरा-बायको दोघंही 'येणार'वर टिचकी मारतात आणि एका घराची दोन मतं होतात. उलट ज्या आजी-आजोबांकडे फोनच नाही ते कुठेच दिसत नाहीत. बंगळुरूला नोकरीला गेलेला मुलगा ग्रुपमध्ये तसाच राहिलेला असतो, तोही उत्साहाने मत देतो. यादी पुढे पाठवत राहण्याची पद्धत तर त्याहून फसवी. एक जण पाच नावांची यादी टाकतो, दुसरा ती उचलून खाली सहावं नाव जोडतो. त्याच मिनिटाला तिसऱ्यानेही तीच पाच नावांची यादी उचललेली असते, तोही सहावं नाव जोडून पाठवतो. पुढचा माणूस सर्वांत खालची यादी उचलतो आणि आधीचं सहावं नाव कायमचं गळतं. ज्याचं नाव गळलं त्याने आपलं नाव टाकलेलं असतं, त्यामुळे तो निर्धास्त असतो. म्हणून यादी एकाच माणसाने करावी. मी वहीत प्रत्येक फ्लॅटला एक ओळ देते आणि रोज रात्री फ्लॅट क्रमांक व आकडा एवढंच ग्रुपवर टाकते. सकाळी दुरुस्त्या येतात : "आमचे तीन नाही, चार. ताई आली आहे पुण्याहून." एका फ्लॅटचं जे उत्तर शेवटचं, ते धरायचं. फक्त जिथे घरमालक आणि भाडेकरू दोघंही ग्रुपमध्ये आहेत तिथे हा नियम चालत नाही. मालक गुरुग्रामला राहतात, पण गणपतीला आवर्जून येतात, आणि भाडेकरूही येतात. एका क्रमांकावर दोन वेगवेगळे आकडे दिसले की मी फोन करते.

गेल्या वेळी गुरुवार रात्रीपर्यंत ९४ उत्तरं आली होती. फ्लॅटवार लावल्यावर ती ७१ घरांची निघाली. त्यातल्या ४३ घरांनी स्पष्ट आकडा दिला होता, त्यांची बेरीज १५१. नऊ घरांनी येत नाही म्हणून कळवलं होतं, आणि त्या नऊ घरांचे मी खरोखर आभार मानले, कारण 'नाही' हे उत्तर सर्वांत पक्कं असतं. उरली १९ घरं मोघम. कुणाचे नुसते जोडलेले हात, कुणाचं 'देखते हैं'.

मोघम उत्तराचा अर्थ आपल्या मनाने लावू नये. 'देखते हैं' म्हणजे बहुधा नाही, 'कोशिश करेंगे' म्हणजे अर्धं, असे ठोकताळे मनात तयार होतात खरे, पण त्याच शब्दांत एक जण नकार देतो आणि दुसरा विनय दाखवतो. अशा घरांना मी फोन करते, आणि येणार का असं विचारत नाही. "भाभीजी, आपके घर के लिए कितनी प्लेट रखूँ?" असं विचारते. येणार का, या प्रश्नाला समोरचा शिष्टाचाराने हो म्हणतो. प्लेट किती, या प्रश्नावर तो थांबून विचार करतो. बी टॉवरमधल्या एका काकांचे नुसते जोडलेले हात आले होते. फोनवर म्हणाले, "बेटा, मेरे घुटने में दर्द है, नीचे नहीं आ पाऊँगा." त्यांचं पान घरी पोचवायचं म्हणून वेगळ्या रकान्यात गेलं. त्या १९ घरांपैकी ११ घरांनी मिळून ३७ माणसं सांगितली, सहा घरांनी मोकळेपणाने नाही म्हटलं आणि दोन घरं शेवटपर्यंत अधांतरीच राहिली. १५१ आणि ३७ मिळून १८८.

हा आकडा आचाऱ्याला तसाच द्यायचा नसतो. हो म्हटलेले सगळे येत नाहीत, आणि काहीच न बोललेल्यांपैकी काही जण येतात. याचा अंदाज आदल्या वर्षीच्या वहीतून मिळतो. त्या वर्षी हो म्हटलेल्या १६० माणसांपैकी १३९ जेवली होती, म्हणजे शंभरामागे ८७. त्या हिशेबाने १८८चे १६४ झाले. त्याच वहीत न कळवता आलेली १४ घरंही होती, दर घरी साधारण तीन माणसं धरून ४२. ही घरं बेफिकीर नाहीत. पंक्ती बसलेल्या खिडकीतून दिसल्या, मुलं खाली पळाली आणि मागून आईवडील आले, असं ते असतं. त्यांना परत पाठवणारा गणपती आम्हाला नको, म्हणून त्यांची जागा आधीच धरायची.

आणि ग्रुपमध्ये नसलेली माणसं. दोन्ही पाळ्यांचे गार्ड, सफाईवाले, माळी, वीज आणि पाण्याचं काम बघणारे. त्यांच्या वतीने ग्रुपवर कुणी उत्तर देत नाही, आणि रविवारी हमखास हजर असतात ती हीच माणसं. मी त्यांना वहीच्या पहिल्या पानावर लिहिते, बाकीची उत्तरं यायच्या आधी. सुपरवायझरकडून पाळीचा तक्ता घेतला की त्यांचा आकडा अचूक मिळतो. त्यावर कसलीही टक्केवारी लावायची नाही. गेल्या वेळी ते २६ होते. गुरुजी आणि त्यांचा सहकारी धरून दोन. एकूण २३४.

मात्र सगळ्या पदार्थांना हा आकडा सारख्याच कसोशीने लागत नाही, आणि ते लक्षात आलं की बरीच धास्ती कमी होते. वरण थोडं वाढवता येतं. पुरीची कणीक लागेल तशी मळता येते. मसालेभाताचे तांदूळ आणि मसाला तयार ठेवून दुसरं पातेलं पहिली पंगत बसल्यावर चढवता येतं, पाऊण तासात भात उतरतो. उकडीच्या मोदकांचं तसं नाही. आमच्याकडे आठ घरांत ते होतात, दर घरी तीस. एका नारळात दहा-बारा मोदकांचं सारण होतं, त्यामुळे प्रत्येक घराला तीन नारळ शनिवारीच पोचवावे लागतात. रविवारी दुपारी एक वाजता पंचवीस मोदक जास्तीचे कुठून आणणार? म्हणून मोदकांसाठी शुक्रवारचा आकडा पक्का, पानाला एक मोदक, २४० मोदक. आचाऱ्याला सांगितलं, २१० जणांचं पहिल्यापासून करा, तीस जणांचं सामान तयार ठेवा, एक वाजता सांगते. बंगाली शेजाऱ्यांनी भोगासाठी ठेवतात तसं कूपन ठेवण्याचं सुचवलं आहे. ऑफिसात येऊन मोफत कूपन न्यायचं, एवढंच. खाली उतरून कूपन नेणारा माणूस येतोच, हे त्यांचं म्हणणं मला पटतं; पण जे काका जिना उतरू शकत नाहीत त्यांचं कूपन कोण नेणार, हे ठरल्याशिवाय मी ते सुरू करणार नाही.

प्रत्यक्षात किती जेवले ते डोकी मोजून कळत नाही, लोक येत-जात असतात. पत्रावळी मोजायच्या. किती गठ्ठे फोडले ते आधी लिहून ठेवायचं आणि शेवटी उरलेल्या मोजायच्या. त्या दिवशी २४१ पत्रावळी गेल्या. काहींनी एकाखाली एक अशा दोन घेतल्या असतील, म्हणून माणसं त्याहून थोडी कमीच.

बेरीज जुळली तरी आतली फोड जुळली नव्हती, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. हो म्हटलेल्या मराठी घरांतून माणसं कमी आली. त्याच रविवारी घरोघरी गौरींचं आवाहन होतं, बायका तयारीत अडकल्या होत्या, आणि काही घरांतून बाप आणि मुलंच जेवून गेली. त्यांची जागा न कळवता आलेल्या घरांनी भरून काढली. दोन चुका एकमेकींना झाकून गेल्या. यंदा, २०२६ साली, चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे. पहिला रविवार २० तारखेचा, तोवर गौरी गेलेल्या असतील. म्हणजे शंभरामागे ८७ हा हिशेब सगळ्यांना सरसकट लावून चालणार नाही. मराठी घरांचा रकाना मी वेगळा केला आहे आणि त्यांनी सांगितलेला आकडा पूर्ण धरणार आहे. बाकीच्यांना जुनंच प्रमाण लावेन, आणि नारळ चोवीसऐवजी सत्तावीस सांगेन.