‘राहिलो आहे’ की ‘राहतो आहे’?

‘आय हॅव लिव्ड हिअर फॉर टेन इयर्स’ हे वाक्य मराठीत आणावयास सांगितले, तर बहुतेक उत्तरपत्रिकांत ‘मी इथे दहा वर्षे राहिलो आहे’ असे उत्तर सापडते. भाषांतराच्या उत्तरपत्रिका मी गेली सव्वीस वर्षे तपासतो आहे. (या वाक्यातले क्रियापद कोणत्या रूपात आहे, ते विद्यार्थी मित्रांनी ध्यानात ठेवावे, पुढे त्याचा उपयोग होईल.) वरील उत्तरात व्याकरणाची एकही चूक नाही. लिंग, वचन, पुरुष सारे यथास्थित आहे. तरीही मी त्याखाली लाल रेघ ओढतो, कारण इंग्रजी वाक्य बोलणारा माणूस त्या घरात आजही राहतो, आणि मराठी वाक्यातला माणूस बहुधा ते घर सोडून गेलेला असतो.

हे उत्तर येते कुठून, हे उघड आहे. ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ आणि क्रियापदाचे तिसरे रूप आले की मराठीत ‘-ला आहे’ लावावे, असे सूत्र आपण शाळेत पाठ करतो. इंग्रजीच्या या काळाला आपल्या पाठ्यपुस्तकांनी ‘पूर्ण वर्तमानकाळ’ असे नाव दिले आणि मराठीतल्या ‘लिहिले आहे’, ‘आला आहे’ या रूपांनाही तेच नाव दिले. नाव एक, म्हणून वस्तूही एक, असा समज झाला. ‘आय हॅव रिटन अ लेटर’ म्हणजे ‘मी पत्र लिहिले आहे’ हे सूत्राप्रमाणे अचूक उतरते, आणि म्हणूनच सूत्रावरचा विश्वास पक्का होतो. पत्र लिहिण्याला शेवट असतो. राहण्याला तसा अंगभूत शेवट नसतो, आणि नेमक्या अशाच क्रियापदापाशी सूत्र फसते.

याचे कारण समजून घेण्यासाठी मराठीतले ‘-ला आहे’ हे रूप स्वतः काय करते, ते पाहिले पाहिजे. ‘तो खुर्चीत बसला आहे’ या वाक्याचे इंग्रजी ‘ही इज सिटिंग’ असे होते. ‘ती झोपली आहे’, ‘आजीने नऊवारी नेसली आहे’ यांतही हेच दिसते. बसण्याची, झोपी जाण्याची, नेसण्याची घटना आधी घडून गेली आणि तिच्यातून निर्माण झालेली स्थिती आता समोर आहे. घटना संपलेली आणि तिचा परिणाम उरलेला, असा या रूपाचा स्वभाव आहे. आता ‘राहणे’ या क्रियेला ते लावून पाहा. राहण्याची क्रिया संपली असे मानले, तर मागे काय उरते? राहणे तर उरत नाही. उरतो तो फक्त अनुभव. म्हणून ‘मी इथे दहा वर्षे राहिलो आहे’ याचा सरळ अर्थ ‘इथे दहा वर्षे राहण्याचा अनुभव माझ्या गाठीशी आहे’ असा होतो. याउलट ‘तो इथे राहायला आला आहे’ म्हटले की तो आज इथलाच रहिवासी ठरतो, कारण तिथे संपलेली घटना येण्याची आहे, राहण्याची नव्हे.

हा केवळ माझ्या कानाचा कौल नाही, हे एका साध्या कसोटीने तपासता येते. ‘मी इथे दहा वर्षे राहिलो आहे, पण आता राहत नाही’ हे वाक्य म्हणून पाहा. काही खटकत नाही. मग ‘मी गेली दहा वर्षे इथे राहतो आहे, पण आता राहत नाही’ असे म्हणून पाहा. वाक्य आपल्याच बोलण्याला खोटे पाडते. पहिल्या रूपाने दार बंद केले नसले, तरी माणूस आत आहे असे सांगितलेले नाही. दुसऱ्याने ते सांगितलेले आहे.

एक अपवाद मात्र मान्य केला पाहिजे. गावातला एखादा म्हातारा चिडून ‘चाळीस वर्षे राहिलो आहे मी या गावात, मला काय सांगता?’ असे म्हणतो, तेव्हा तो गाव सोडून गेलेला नसतो. पण तिथेही त्याला आपला राहता पत्ता सांगायचा नसून गाठीचा अनुभव दाखवायचा असतो. तो त्याच गावात राहतो, हे आपल्याला प्रसंगावरून कळते, क्रियापदावरून नव्हे.

इंग्रजीची गोष्ट वेगळी आहे. बर्नार्ड कॉम्री या भाषाशास्त्रज्ञाने 1976 साली प्रसिद्ध झालेल्या ‘ॲस्पेक्ट’ या पुस्तकात पूर्णतावाचक रूपाचे चार उपयोग सांगितले आहेत: घटनेचा उरलेला परिणाम, आयुष्यात कधीतरी आलेला अनुभव, भूतकाळात सुरू होऊन अजून चालू असलेली स्थिती आणि नुकतीच घडलेली घटना. इंग्रजीचे ‘हॅव’ हे चारही उपयोग सांभाळते. मराठीचे ‘-ला आहे’ पहिले दोन मनापासून सांभाळते आणि चौथ्यासाठी अनेकदा साध्या भूतकाळालाच पुढे करते. ‘हॅव यू ईटन?’ याला आपण ‘जेवलात का?’ असेच विचारतो. तिसरा उपयोग मात्र मराठीने वर्तमानकाळाकडे सोपवला आहे. यात मराठी एकटी नाही. जर्मन आणि फ्रेंच भाषांतही ‘मी दहा वर्षांपासून इथे राहतो’ अशाच धाटणीचा वर्तमानकाळ येतो. या बाबतीत वेगळी वाट धरली आहे ती इंग्रजीने.

या भेदाचा व्यवहारात किती परिणाम होतो, ते एका कागदामुळे माझ्या मनावर ठसले. माझ्या परिचयाच्या एका वकिलांनी भाडेकरूच्या वतीने तयार केलेले इंग्रजी निवेदन आणि त्याचा कोणाकडून तरी करून घेतलेला मराठी अनुवाद, दाखल करण्यापूर्वी नजरेखालून घालण्यासाठी माझ्याकडे पाठवला. ‘कुठेतरी काहीतरी बसत नाही, एवढेच कळते आहे,’ असे त्यांनी फोनवर सांगितले. वाद घराच्या ताब्याचाच होता. पहिलेच वाक्य ‘आय हॅव लिव्ड इन धिस हाउस फॉर थर्टी-वन इयर्स अँड हॅव पेड द रेंट रेग्युलरली’ असे होते. अनुवादकाने लिहिले होते: ‘मी या घरात एकतीस वर्षे राहिलो आहे व नियमितपणे भाडे भरले आहे.’ घर सोडणार नाही असे सांगू पाहणारा भाडेकरू पहिल्याच ओळीत घराबाहेर पडल्यासारखा वाटत होता.

आम्ही ते वाक्य असे केले: ‘मी गेली एकतीस वर्षे या घरात राहत आहे व भाडे नियमितपणे भरत आलो आहे.’ दोन क्रियापदांना दोन वेगळी रूपे का दिली, असे वकिलांनी विचारले. राहणे अखंड असते. भाडे दर महिन्याला भरले जाते. पुन्हा पुन्हा केलेली आणि आजवर न थांबलेली कृती सांगायला मराठीत ‘करत आलो आहे’ ही फार सुंदर सोय आहे. इंग्रजीत तिला वेगळे रूप नाही.

पुढचे वाक्य होते, ‘माय वाइफ हॅज बीन बेडरिडन सिन्स 2016’. अनुवादात ‘माझी पत्नी 2016 पासून अंथरुणाला खिळलेली राहिली आहे’ असे अवघडलेले रूप होते. तिथे ‘माझी पत्नी 2016 पासून अंथरुणाला खिळून आहे’ एवढेच पुरले. नुसत्या ‘आहे’ने काम झाले. त्यानंतर ‘द ओनर हॅज रिपेअर्ड द रूफ ओन्ली वन्स’ या वाक्यासाठी ‘मालकांनी छप्पर एकदाच दुरुस्त केले आहे’ हे सूत्राबरहुकूम केलेले भाषांतर अगदी योग्य होते आणि आम्ही त्याला हात लावला नाही. शेवटी, घराचा कोणताही भाग दुसऱ्याला पोटभाड्याने दिला नसल्याचे विधान होते. तिथे ‘दिला नाही’ असे होते, ते आम्ही ‘कधीही दिलेला नाही’ असे केले. ‘दिला नाही’ हे एखाद्या प्रसंगापुरते वाटू शकते; ‘कधीही दिलेला नाही’ साऱ्या एकतीस वर्षांना कवेत घेते. एका पानावर इंग्रजीचे एकच रूप, आणि त्याच्या बदल्यात मराठीची पाच.

म्हणून भाषांतर करताना क्रियापदाच्या आधी कालवाचक शब्दांकडे पाहावे. ‘फॉर टेन इयर्स’ किंवा ‘सिन्स 1998’ असे काही आले आणि स्थिती अजून चालू असेल, तर ‘राहतो’, ‘राहतो आहे’ किंवा ‘राहत आहे’. कालावधीच दिलेला नसेल, नुसते ‘आय हॅव लिव्ड हिअर’ असेल, तर तो अनुभव होय. तिथे ‘मी इथे पूर्वी राहिलो आहे’ किंवा अधिक ठाशीवपणे ‘राहिलेलो आहे’ हेच बरोबर. सरसकट ‘राहतो आहे’ लिहिणारा विद्यार्थी दुसऱ्या टोकाला जाऊन चुकतो. कालावधी असूनही संदिग्धता उरू शकते. ‘शी हॅज लिव्ड इन नागपूर फॉर टेन इयर्स’ ही बाई आज नागपुरात आहे की तिच्या आयुष्यातली कुठली तरी दहा वर्षे तिथे गेली, हे एकट्या वाक्यावरून ठरत नाही. अशा वेळी मागचापुढचा मजकूर वाचल्यावाचून क्रियापद लिहू नये.

उलट दिशेने जाताना हाच भेद दुसऱ्या रूपाने छळतो. ‘मी दहा वर्षांपासून इथे राहतो आहे’ याचे ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’ असे इंग्रजी आपल्याकडे सर्रास ऐकू येते. त्यात दोन गोष्टी मराठीतून आलेल्या आहेत: चालू स्थितीसाठी वर्तमानकाळ, आणि ‘1998 पासून’ व ‘दहा वर्षांपासून’ या दोन्ही ठिकाणी चालणारे एकच ‘पासून’. इंग्रजीत आरंभबिंदूला ‘सिन्स’ लागते आणि कालावधीला ‘फॉर’. मी स्वतः लेखनात ‘दहा वर्षांपासून’ऐवजी ‘गेली दहा वर्षे’ पसंत करतो. ते कानाला बरे वाटते आणि ‘सिन्स’ची भूलही टळते.

पण घरात, ओसरीवर, आगगाडीत बोलणारा मराठी माणूस बहुधा या दोन्हींकडे न जाता तिसरेच काही म्हणतो: ‘मला इथे येऊन दहा वर्षे झाली.’ इथे कर्ता माणूस नाही; वर्षे कर्त्याच्या जागी बसली आहेत आणि क्रियापद साध्या भूतकाळात आहे. झाली ती वर्षे. येऊन राहिलेला माणूस आहे तिथेच आहे. ‘दे हॅव बीन मॅरिड फॉर ट्वेंटी इयर्स’ हे ‘त्यांच्या लग्नाला वीस वर्षे झाली’ असे होते. ‘ही हॅज बीन डेड फॉर फाइव्ह इयर्स’ हे वाक्य मी वर्गात देतो तेव्हा विद्यार्थी आधी सूत्र शोधतात आणि ‘तो पाच वर्षे मेलेला आहे’ असे काहीतरी लिहून स्वतःच हसतात. मग कोणीतरी मागच्या बाकावरून हळूच म्हणते, ‘ते जाऊन पाच वर्षे झाली.’