गावरान अंडं, पांढरं अंडं आणि विज्ञानाच्या बाईंचं पत्र

पंचवटीत शाळेच्या अंड्याचा विषय निघाला की वाद शाकाहार-मांसाहाराचा होणार, असं आम्ही गृहीत धरून गेलो होतो. पेठ रोडच्या बाजूच्या आमच्या वस्तीतल्या शाळेत व्यवस्थापन समितीची बैठक होती. संध्याकाळची अभ्यासिका आम्ही चालवतो, म्हणून आम्हालाही बोलावलं होतं. अन्न, संस्कृती आणि वर्चस्व यावर बोलायची सगळी तयारी आम्ही करून ठेवली होती. तिची गरजच पडली नाही. अंडं नको असं कोणीच म्हणालं नाही. वाद झाला तो अंड्याच्या रंगावर.

आधी बैठक का होती ते सांगतो. शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचा निर्णय राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला. पुढे जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्यासाठीचा जादा निधी थांबवला. अंडं द्यायचं असेल तर शाळेने लोकवर्गणीतून द्यावं, असं सांगितलं. अंगणवाडीतून पहिलीत आलेल्या पोराच्या ताटातलं अंडं आता त्याच्या आईबापाच्या वर्गणीवर आलं. सरकारने जबाबदारी झटकली हे आमचं मत आहे आणि त्यावर आम्ही स्वतंत्र लिहूच. पण त्या दिवशी समोरचा प्रश्न वेगळा होता. साठ मुलांना आठवड्यातून एक अंडं द्यायचं, तर पैसे किती लागतील आणि कोण देणार?

पांढरं अंडं वस्तीतल्या दुकानात तेव्हा सात रुपयांना होतं. शाळा तीसेक आठवडे भरते असं धरलं तर साठ मुलांचे बारा हजार सहाशे होतात. हे जमण्यासारखं होतं. दोन रिक्षावाल्यांनी आणि मार्केट यार्डातल्या एका हमाल भावाने तिथल्या तिथे आकडे सांगितले. तेवढ्यात एक ताई म्हणाल्या, "द्यायचंच तर गावरान द्या. पांढऱ्यात काय असतं? इंजेक्शनच्या कोंबडीचं ते." दुसऱ्या मावशीने त्यांची री ओढली. गावरान म्हणून विकलं जाणारं तपकिरी अंडं पंधरा रुपयांना. तेच बारा हजार सहाशे सत्तावीस हजारांवर गेले आणि ज्यांनी आकडे सांगितले होते ते गप्प झाले. बैठक पंधरा दिवस पुढे ढकलली. म्हणजे निव्वळ टरफलाच्या रंगापायी साठ पोरांचं अंडं जायची वेळ आली होती.

या पंधरा दिवसांत सहावी-सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी पालकांना पत्र लिहिलं. एक पानाचं, वहीच्या कागदावर, झेरॉक्स काढून प्रत्येक मुलाच्या दप्तरात दिलेलं. आमच्याकडेही एक प्रत आली. अभ्यासिकेत ते मोठ्याने वाचलं, तेव्हा पत्रापेक्षा त्यातला एक दाखला पोरांच्या लक्षात राहिला.

बाईंनी लिहिलं होतं : घर बांधताना आधी भिंती उभ्या राहतात, मग आतलं सामान येतं आणि बाहेरचा रंग सगळ्यात शेवटी लागतो. रंग पाहून आत धान्य किती आहे ते सांगता येत नाही. कोंबडीच्या पोटात अंडं आतून बाहेर तयार होतं, पण रंग तिथेही शेवटीच लागतो. पिवळा बलक आधी तयार असतो. तो सुटून नळीत आला की साधारण तीन तासांत त्याच्याभोवती पांढरा बलक चढतो, मग पातळ पापुद्रे, आणि त्यानंतर वीसेक तास टरफल घडत राहतं. तपकिरी अंडं देणाऱ्या जातीची कोंबडी या टरफलावर अगदी शेवटच्या काही तासांत तपकिरी रंग सोडते. तोपर्यंत आतलं अन्न कधीच बंद झालेलं असतं. हा रंग रक्तातल्या लाल द्रव्याच्याच कुळातला, पोर्फिरिन नावाच्या गटातला आहे. तो टरफलावर राहतो, बलकात उतरत नाही.

रंग कुठला लागणार हे ठरतं कोंबडीच्या जातीवरून. (कोंबडीची जात, बरं का.) लेगहॉर्न पांढरं अंडं देते. आपल्याकडच्या मोठ्या पोल्ट्रीतल्या अंड्याच्या कोंबड्या बहुतेक याच रक्ताच्या. ऱ्होड आयलंड रेड तपकिरी अंडं देते. इंजेक्शन दिलं म्हणून अंडं पांढरं होत नाही आणि उकिरड्यावर फिरली म्हणून लेगहॉर्न तपकिरी अंडं देणार नाही.

पत्राच्या शेवटी घरी करायचा एक प्रयोग होता. आम्ही तो अभ्यासिकेत केला. किराणा दुकानातला पांढरा सिरका ग्लासात घेतला आणि त्यात तपकिरी अंडं सोडलं. लगेच बारीक बुडबुडे यायला लागले. टरफल चुन्याच्या जातीचं असतं, ते आम्लात विरघळायला लागतं आणि त्याचा वायू होतो. दहा मिनिटांनी अंडं काढून एका मुलीने अंगठ्याने चोळलं, तर तपकिरी साय निघून आली आणि खाली पांढरं टरफल. "दादा, हे तर आतून पांढरंच!" ती ओरडली. दुसरं तपकिरी अंडं फोडून टरफलाची आतली बाजू पाहिली, तीही फिकट निघाली.

इथे आमच्यातल्या एका कार्यकर्त्याची घाई झाली. तो म्हणाला, रंग निघाला म्हणजे दुकानदाराने रंगवून विकलं. तसं नाही. सिरक्यात खरा नैसर्गिक रंगही निघतो, कारण तो टरफलाच्या वरच्याच थरात असतो. चहाच्या पाण्यात बुडवून पांढरी अंडी गावरान म्हणून खपवणारेही आहेत, पण ते या प्रयोगाने पकडता येत नाहीत. त्यासाठी साधा ओला फडका जास्त कामाचा. फडक्याला भरपूर रंग लागला, किंवा अंड्यावर ओघळ आणि डाग दिसले, तर संशय घ्यावा. प्रयोग करायचा तर तो नेमकं काय सिद्ध करतो हेही सांगायला हवं, नाहीतर एक अंधश्रद्धा काढून दुसरी बसवल्यासारखं होतं.

आम्ही आणखी एक गोष्ट केली. दुकानदाराच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर दहा पांढरी अंडी ठेवली, ती ५६० ग्रॅम भरली. दहा गावरान ४२० ग्रॅम भरली. टरफल वजा केलं तर खायचा भाग पांढऱ्यात साधारण पन्नास ग्रॅम आणि गावरानात सदतीस. शंभर ग्रॅमला प्रथिनं दोन्हीकडे जवळपास साडेबारा ग्रॅम. म्हणजे पांढऱ्या अंड्यातून पोराला सहा ग्रॅमच्या थोडी वर मिळतात, आणि दुपटीहून महाग गावरानातून पावणेपाचच्या आसपास. ग्रॅममागे एकीकडे सव्वा रुपयासुद्धा नाही, दुसरीकडे तीन रुपयांच्या वर. ज्या घरात मटण महिन्यातून एकदा शिजतं, तिथे हा हिशेब किरकोळ नाही.

मग गावरान महाग का? गावठी कोंबडी वर्षाला कमी अंडी देते, त्यातही मध्येच खुडूक बसते. पोल्ट्रीतली लेगहॉर्न जवळपास रोज एक देते. पोल्ट्रीत पाळलेल्या तपकिरी अंड्यांच्या जाती अंगाने मोठ्या असतात, त्यांना दाणाही जास्त लागतो. आपण जादा पैसे मोजतो ते या खर्चाचे, जादा पोषणाचे नाही. आणि बाजारातली बरीच तपकिरी अंडी दारात फिरणाऱ्या कोंबडीची नसतातच. तीही पोल्ट्रीतच तयार होतात.

पंधरा दिवसांनी बैठक भरली. बाईंनी पत्र पुन्हा वाचून दाखवलं. शेवटी वाक्य होतं : "थोडक्यात, सगळी अंडी सारखीच." यावर, घरामागे सात-आठ कोंबड्या पाळणाऱ्या एका मावशी उठल्या. "बाई, रंगाचं पटलं. पण सगळी सारखी कशी? माझी कोंबडी किडे खाते, घास खाते, उन्हात फिरते. तिचा बलक बघा केवढा केशरी!"

बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मावशी, माझं वाक्य चुकलं." आम्हाला पत्रापेक्षाही हे जास्त आवडलं. शिक्षक वर्गात चूक कबूल करतात तेव्हा पोरं विज्ञान शिकतात. पालकांसमोर कबूल करणं त्याहून अवघड. मग त्यांनी दोन गोष्टी सुट्या करून सांगितल्या. बलकाचा केशरी रंग खाण्यातून येतो. मका, हिरवा चारा दिला की बलक गडद होतो, आणि पोल्ट्रीच्या खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क मिसळूनही तो तसा करता येतो. दसऱ्याला आपण दाराला बांधतो तोच झेंडू. तेव्हा नुसत्या गडद बलकावरूनही हुरळून जायचं कारण नाही. पण मावशींचा मुद्दा खरा होता : उन्हात फिरणाऱ्या कोंबडीच्या अंड्यात ड जीवनसत्त्व जास्त सापडतं आणि खाद्यानुसार चरबीचा प्रकारही बदलतो. प्रथिनांमध्ये मात्र फारसा फरक पडत नाही. मावशींच्या कोंबडीने पांढरं अंडं दिलं असतं तरी ते तितकंच चांगलं असतं. आणि पिंजऱ्यातल्या कोंबडीचं तपकिरी अंडं हे पिंजऱ्यातल्या कोंबडीचंच अंडं. पोल्ट्रीत औषधं किती वापरतात हा प्रश्नही रास्त आहे, पण त्याचं उत्तर टरफलाच्या रंगात सापडत नाही.

बाईंनी शेवटचं वाक्य तिथेच पेनाने खोडलं आणि लिहिलं : "अंड्याचा कस रंगावरून ठरत नाही. कोंबडीच्या खाण्याने थोडा फरक पडतो."

समाजशास्त्राचे विद्यार्थी म्हणून आम्हाला एक गंमत वाटत राहिली. सून शोधताना गोरी हवी आणि अंडं घेताना सावळं, हा उलटा न्याय एकाच घरात नांदतो. पण हसून सोडून देण्याइतकं ते सोपं नाही. "इंजेक्शनचं अंडं" म्हणणाऱ्या ताईंचा अविश्वास हवेतून आलेला नाही. स्वस्त म्हणून आपल्या वस्तीत आजवर जे जे आलं, सडका गहू, किडका तांदूळ, पाणी घातलेलं दूध, त्यातून तो आला आहे. फुकटचं किंवा स्वस्त म्हणजे निकृष्ट, हा अनुभव आहे. त्या ताईंना अडाणी म्हणणाऱ्या एका तरुणाला आम्ही बैठकीतच अडवलं. इथे त्यांची शंका योग्य जागी होती, पुरावा मात्र चुकीचा होता. अंडं जुनं आहे का, तडकलेलं आहे का, हे विचारायला हवं. पाण्याच्या भांड्यात सोडून बघा, ताजं तळाशी आडवं पडतं आणि जुनं तरंगतं. पांढरं असो की तपकिरी.

त्याच ताईंकडे समितीने अंडी तपासून घ्यायचं काम दिलं. आता दर बुधवारी त्या सकाळी बादली भरून बसतात. तडकलेली आणि तरंगणारी अंडी बाजूला काढून दुकानदाराला परत करतात. पहिल्या बुधवारी चार परत गेली, तेव्हा दुकानदार कुरकुरला. दुसऱ्या बुधवारी एकच गेलं.

वर्गणी अजून पुरी झालेली नाही. दिवाळीपर्यंतचे पैसे जमले आहेत. पांढऱ्या अंड्यांचे. ताई मात्र बाळंतीण लेकीसाठी मावशींकडून गावरानच नेतात. आम्ही विचारलं तर म्हणाल्या, "ते चवीसाठी. ताकदीसाठी नाही, पत्र वाचलंय मी."