आधी काय घडलं, आणि कशामुळे

रौलट कायद्यापासून गांधीजींच्या १९२२ मधल्या अटकेपर्यंतची तीन वर्षं मी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना घटनाक्रम लिहायला देते. यातल्या बहुतेक घटना त्यांना शाळेपासून ठाऊक असतात, त्यामुळे ती उत्तरं भराभर लिहिली जातात. पण या घटना एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की दोन दिवसांची उलटापालट झाली तरी कोणी कोणाला चिथावलं हेच बदलून जातं. म्हणून हा टप्पा तपासायला मला जास्त वेळ लागतो.

एका विद्यार्थ्याचं उत्तर घेऊ. त्याचा आशय असा: रौलट कायद्याला विरोध झाल्यामुळे सरकारने पंजाबात लष्करी कायदा पुकारला आणि अमृतसरमध्ये लोकांना रांगत जायची सक्ती केली. त्याच्या निषेधार्थ जालियनवाला बागेत सभा झाली. लष्करी कायदा मोडल्यामुळे डायरने गोळीबार केला. या हत्याकांडामुळे गांधीजींनी असहकार पुकारला. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळकांचं निधन झाल्यामुळे नेतृत्व गांधीजींकडे आलं आणि त्याच दिवशी चळवळ सुरू झाली. चौरीचौराच्या घटनेमुळे गांधीजींना अटक झाली, आणि त्यामुळे चळवळ थांबली.

वाचताना कुठे अडखळायला होत नाही. उल्लेखलेली प्रत्येक घटना खरोखर घडलेली आहे. घाईने तपासणारा परीक्षक याला भरपूर गुण देईल.

पहिल्या वाचनात मी गुण देत नाही. प्रत्येक घटनेसमोर समासात पेन्सिलीने तिची तारीख लिहिते, विद्यार्थ्याने दिली नसली तरी. मग वाक्यांचे सांधे बघते. ‘त्यानंतर’ लिहिलं असेल तर विद्यार्थ्याने फक्त क्रम सांगितला आहे. ‘त्यामुळे’ लिहिलं असेल तर क्रमही सांगितला आहे आणि कारणही. ‘निषेधार्थ’ लिहिलं असेल तर त्याहून जास्त सांगितलं आहे: लोकांना आधीची गोष्ट माहीत होती आणि ती मनात धरूनच ते जमले होते. या तिन्ही विधानांना पुरावा वेगवेगळा लागतो, म्हणून मी त्यांच्यावर खुणाही वेगवेगळ्या करते.

या उत्तराच्या समासात उमटलेल्या तारखा अशा. रौलट कायदा मार्च १९१९ मध्ये झाला. देशभरचा हरताळ ६ एप्रिलला. १० एप्रिलला अमृतसरचे नेते डॉ. सत्यपाल आणि डॉ. सैफुद्दीन किचलू यांना पकडून शहराबाहेर नेलं गेलं. त्यांच्या सुटकेची मागणी करत निघालेल्या जमावावर गोळीबार झाला, मग बँकांवर हल्ले झाले, काही युरोपीय मारले गेले आणि मिस शेरवुड या मिशनरी बाईंना एका गल्लीत मारहाण झाली. ११ तारखेला डायर अमृतसरला पोचला. १३ एप्रिल, बैसाखी, जालियनवाला बाग. अमृतसर आणि लाहोरला लष्करी कायदा पुकारला गेला तो १५ एप्रिलला. मिस शेरवुडवर हल्ला झालेल्या गल्लीतून हिंदी माणसांनी रांगत जायचा हुकूम निघाला १९ एप्रिलला.

म्हणजे विद्यार्थ्याने हत्याकांडाची कारणं म्हणून दिलेल्या दोन्ही गोष्टी हत्याकांडानंतरच्या आहेत. रांगण्याच्या हुकमाचा निषेध करायला १३ तारखेला कोणी जमणं शक्यच नव्हतं. सभा होती रौलट कायदा आणि दोन नेत्यांची अटक यांच्याविरुद्ध, आणि बागेत सभेशी काही संबंध नसलेले, बैसाखीसाठी शहरात आलेले लोकही होते.

लष्करी कायद्याची चूक मात्र मी अधिक गंभीर मानते. १३ तारखेच्या सकाळी डायरने शहरात दवंडी पिटवून सभांना बंदी केली होती. विद्यार्थ्याच्या डोक्यात ही बंदी आणि नंतरचा लष्करी कायदा एक झाले आहेत. दवंडी शहराच्या सगळ्या भागांत पोचलीच नव्हती, पण तो मुद्दा वेगळा. ‘लष्करी कायदा मोडल्यामुळे गोळीबार’ असं लिहिलं की डायरच्या कृत्याला त्या दिवशी नसलेलं कायद्याचं कवच आपण आपल्या हाताने चढवतो. क्रमाची चूक इथे स्मरणशक्तीची राहत नाही, ती न्यायाची होते. मी ‘लष्करी कायदा’ हे शब्द खोडून वर ‘सभाबंदीची दवंडी’ असं लिहिते आणि समासात १५ एप्रिल ही तारीख ठळक करते.

यानंतरचं वाक्य तपासायला सगळ्यांत अवघड आहे, कारण त्यात क्रम बरोबर आहे. हत्याकांड आधी, असहकार नंतर. संबंधही आहे, ‘पंजाबवरचा अन्याय’ हा असहकाराचा जाहीर मुद्दा होता. तरीही १३ एप्रिल १९१९ आणि १ ऑगस्ट १९२० यांच्यात साडेपंधरा महिने आहेत. अशी मोठी फट दिसली की मी एकच गोष्ट शोधते: मधल्या काळात तोच माणूस काय करत होता?

डिसेंबर १९१९ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं ते अमृतसरलाच. प्रश्न होता माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांचं काय करायचं. चित्तरंजन दासांना त्या धुडकावायच्या होत्या, टिळक प्रतियोगी सहकारितेची भाषा बोलत होते, आणि गांधीजी सुधारणा राबवून बघण्याच्या बाजूने होते. हत्याकांडानंतर आठ महिन्यांनी, त्याच शहरात, गांधीजी सहकार्याच्या बाजूने उभे आहेत. ही घटना क्रमात घातली की ‘हत्याकांडामुळे असहकार’ हे वाक्य जसंच्या तसं टिकत नाही. डिसेंबर ते ऑगस्ट यांमध्ये काय बदललं, हे सांगावं लागतं.

बदललं ते मुख्यतः मे १९२० मध्ये. तुर्कस्तानवर लादायच्या तहाच्या अटी जाहीर झाल्या आणि खिलाफतीबद्दलची आशा संपली. त्याच महिन्यात पंजाबच्या घटनांवरचा हंटर समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि सरकार दोषींना पाठीशी घालतंय अशी लोकांची खात्री पटली. २२ जूनला व्हाइसरॉयला लेखी कळवलं गेलं की दाद मिळाली नाही तर १ ऑगस्टपासून असहकार. म्हणजे गांधीजींना सहकार्याच्या भूमिकेवरून हलवलं ते हत्याकांडानंतर सरकार जसं वागलं त्याने, आणि खिलाफतीने. विद्यार्थ्याचं वाक्य मी चूक ठरवत नाही. समासात विचारते, ‘मग पंधरा महिने का थांबले?’ आणि अर्धे गुण देते.

चांगली तयारी केलेले काही विद्यार्थी इथे जुलै १९२० मधलं ब्रिटिश उमरावांच्या सभागृहाचं डायरला अनुकूल मतदान घालतात. मला त्याचा आनंद होतो, पण तारीख तिथेही बघावी लागते. मतदान जुलैच्या उत्तरार्धातलं आणि नोटीस २२ जूनची. त्या मतदानाने चीड वाढली असं लिहा, बरोबर. त्यामुळे १ ऑगस्ट ही तारीख ठरली असं लिहू नका. एखादी घटना परिणामाच्या आधी असून भागत नाही, ती निर्णयाच्या आधी असावी लागते.

उलट प्रकारची फटही असते, आणि तिथे विद्यार्थ्यावर उगाच संशय घेऊ नये. रवींद्रनाथांनी ‘सर’ ही पदवी परत करण्याचं पत्र लिहिलं ते मे १९१९ च्या अखेरीस. हत्याकांड एप्रिलचं, निषेध मे अखेरचा, म्हणजे कारण दुसरंच असेल असं वाटू शकतं. पण पंजाबातल्या बातम्या सरकारने दाबून ठेवल्या होत्या आणि खरा तपशील बाहेर झिरपायला वेळ लागला. ही दिरंगाई बातमीची आहे, म्हणून इथलं ‘निषेधार्थ’ मी निःशंकपणे मान्य करते.

आता टिळक. ही जोडणी मला महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांच्या उत्तरांत पुन्हा पुन्हा दिसते. त्याचं कारणही उघड आहे, १ ऑगस्ट ही आपल्याकडे लहानपणापासून टिळक पुण्यतिथी म्हणूनच ओळखीची तारीख असते. टिळक त्या दिवशी पहाटे मुंबईच्या सरदारगृहात गेले. चळवळीचा दिवस त्याआधी महिनाभराहून जास्त काळ ठरलेला होता. तारीख एक आली हा योगायोग. विद्यार्थ्याच्या त्या वाक्यात मात्र दोन दावे गुंतलेले आहेत आणि ते सोडवून तपासले पाहिजेत. निधनामुळे चळवळ त्या दिवशी सुरू झाली, हे चूक. टिळक नसल्यामुळे गांधीजींचं नेतृत्व सुकर झालं, हा मांडता येण्यासारखा मुद्दा आहे, फक्त त्याचा पुरावा १ ऑगस्टला मिळणार नाही. तो सप्टेंबर १९२० मधल्या कलकत्त्याच्या विशेष अधिवेशनात शोधावा लागेल, जिथे असहकाराचा ठराव विरोध होऊनही मंजूर झाला. पहिला दावा मी खोडते, दुसऱ्यासमोर ‘पुरावा?’ असं लिहिते.

शेवटचं वाक्य: चौरीचौरा, म्हणून अटक, म्हणून चळवळ थांबली. तारखा मांडू. १ फेब्रुवारी १९२२ ला गांधीजींनी व्हाइसरॉय रीडिंगना पत्र लिहून बार्डोलीत सामुदायिक कायदेभंग सुरू करण्याचा इशारा दिला. ४ फेब्रुवारीला गोरखपूर जिल्ह्यात चौरीचौराची पोलीस चौकी जाळली गेली आणि आतले पोलीस मेले. १२ फेब्रुवारीला काँग्रेस कार्यकारिणीने बार्डोलीत चळवळ स्थगित केली. गांधीजींना अटक झाली १० मार्चला. काही पुस्तकांत चौरीचौराची तारीख ५ फेब्रुवारी छापलेली सापडते. विद्यार्थ्याने ती लिहिली तर मी गुण कापत नाही, कारण त्याने क्रमातलं काहीच हलत नाही.

अटक मात्र हलवून चालत नाही. चळवळ थांबली तेव्हा गांधीजी मोकळे होते आणि थांबवण्याचा निर्णय त्यांचाच होता. विद्यार्थ्याच्या मांडणीत तो निर्णयच नाहीसा होतो आणि सरकारने चळवळ मोडली असं चित्र उभं राहतं. दुसरी चूक अटकेच्या कारणाची. खटला चालला तो ‘यंग इंडिया’तल्या तीन लेखांवरून, राजद्रोहाच्या कलमाखाली, आणि १८ मार्चला सहा वर्षांची शिक्षा झाली. त्या तीनपैकी दोन लेख १९२१ मधले, म्हणजे चौरीचौराच्या आधीचे. आरोपाचं कारण आणि अटकेच्या वेळेचं कारण इथे वेगवेगळं धरावं लागतं. चळवळ भरात असताना सरकारने गांधीजींना हात लावला नव्हता. स्थगितीनंतर अनुयायी गोंधळले, नेते नाराज झाले, आणि गांधीजींना पकडण्यातली जोखीम कमी झाली. तेव्हा बाण काढायचाच असेल तर तो स्थगितीकडून अटकेकडे जातो. विद्यार्थ्याने तो उलटा काढला आहे.

१० गुणांपैकी मी ५ क्रमाला आणि ५ कारणांना ठेवते, आणि एकाच चुकीसाठी दोन्हीकडे कापत नाही. लष्करी कायदा आणि रांगण्याचा हुकूम एकत्र धरून क्रमाचा एक गुण गेला, अटकेच्या उलट्या क्रमासाठी आणखी एक. त्या चुकांतून निघालेल्या कारणांसाठी वेगळं काही कापलं नाही. कारणांमध्ये टिळकांच्या निधनाच्या दाव्यासाठी एक गुण गेला, चौरीचौरामुळे अटक या दाव्यासाठी एक, आणि पंधरा महिन्यांच्या फटीसाठी अर्धा. ५ पैकी ३ आणि ५ पैकी २॥, एकूण ५॥. उत्तराखाली मी दोनच तारखा लिहून पुन्हा लिहायला सांगितलं: डिसेंबर १९१९ आणि २२ जून १९२०.