गुडघ्यावरची हातोडी

११ जानेवारी
दुपारी एकशेआठमधून पहिलटकरीण आली, एकोणीस वर्षांची, सदतिसावा आठवडा. बाळंतपणाला माहेरी आलेली. सोबत आई, भाऊ आणि गावच्या आशाताई. काल सकाळपासून डोकं ठणकत होतं म्हणून बाम चोळला, रात्री छातीखाली दुखायला लागलं म्हणून ओवा दिला. आज डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, तेव्हा आशाताईंनी कुणाचं न ऐकता गाडी बोलावली.

रक्तदाब १५०/१००, लघवीत प्रोटीन भरपूर. स्ट्रेचरवरून पलंगावर घेताघेताच डोळे वर फिरले, जबडा आवळला आणि हातपाय ताठ होऊन झटके सुरू झाले. ते मिनिटभरात थांबले. भाऊ चमचा शोधत होता, त्याला अडवलं. चमच्याने दात पडतात आणि श्वास अडतो, दुसरं काही होत नाही. डाव्या कुशीवर वळवलं, तोंडातला फेस ओढून काढला, ऑक्सिजन लावला.

मग मॅग्नेशियम सल्फेट. आमच्याकडे २ मिलीच्या ॲम्प्यूलमध्ये १ ग्रॅम असतं. चार ॲम्प्यूल म्हणजे ८ मिली, त्यात १२ मिली डिस्टिल्ड वॉटर घालून २० मिली केलं आणि पाच मिनिटांहून जास्त वेळ घेऊन शिरेतून सोडलं. घाई केली तर अंगाची आग होते, रक्तदाब घसरतो. लगेच दोन्ही कुल्ल्यांत खोलवर पाचपाच ग्रॅम. एकूण चौदा ॲम्प्यूल. सिस्टर मोडलेल्या काचा ट्रेमध्ये ओळीने मांडून मोजतात. गडबडीत आकडा चुकू नये म्हणून ही त्यांची जुनी सवय, आणि मला ती फार आवडते.

झटक्यानंतर बाळाचे ठोके ९० वर आले. नवीन डॉक्टर सिझेरियनची तयारी करू का म्हणून धावत आला. मी म्हटलं, थांब. झटक्यात आईचा श्वास अडतो आणि तिच्याबरोबर बाळही गुदमरतं. आई सावरली की बहुतेक वेळा तेही सावरतं. आठेक मिनिटांत ठोके १३० झाले. अशा अवस्थेत आईला भूल देणं जास्त धोक्याचं होतं.

आता रक्तदाब १७०/११२. लॅबेटॅलॉल २० मिलिग्रॅम शिरेतून हळूहळू दिलं. १४६/९४ वर आल्यावर हात आवरला. १२०/८० करायचा मोह पडतो, पण वारेला स्वतःचा रक्तपुरवठा सांभाळता येत नाही. आईचा दाब एकदम पाडला की बाळाचं रक्त तुटतं.

संध्याकाळ
शुद्धीवर आली. पहिला प्रश्न, “आई, लाईट गेली का गं?” वॉर्डातले सगळे दिवे चालू होते. आईने हंबरडा फोडला.

मी टॉर्च मारला. दोन्ही बाहुल्या झटकन आकसल्या. म्हणजे डोळा शाबूत, त्याची नसही शाबूत. पण समोर किती बोटं आहेत ते तिला सांगता येईना. बिघाड त्या पलीकडे, डोक्याच्या मागच्या भागात, जिथे मेंदू दिसलेल्याचा अर्थ लावतो. आईला एवढंच सांगितलं, “मावशी, डोळे गेलेले नाहीत. मेंदूला सूज आलीय. बहुतेक दोनचार दिवसांत दिसायला लागेल.”

रात्री सव्वाअकरा
मॅग्नेशियमचा पुढचा डोस दर चार तासांनी, ५ ग्रॅम, आळीपाळीने एकेका कुल्ल्यात. पण त्याआधी तीन गोष्टी बघायच्या. गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय उडतो का. मिनिटाला किमान सोळा श्वास आहेत का. चार तासांत किमान १०० मिली लघवी झाली का. सव्वासातला तिन्ही ठीक होतं. आता पिशवीत ६० मिली आणि गुडघा जेमतेम हलला.

डोस थांबवला. मॅग्नेशियम मूत्रपिंडातून बाहेर पडतं. लघवी कमी म्हणजे ते अंगात साठतंय. साठत गेलं की आधी गुडघ्याचा झटका जातो आणि त्याहून वाढलं की श्वास थांबतो. दोन्हींच्या मधलं अंतर हीच आमची सवड. रक्तातली पातळी मोजायची सोय इथे नाही, पण रबरी हातोडी आहे. उशाशी कॅल्शियम ग्लुकोनेटचं १० मिलीचं ॲम्प्यूल काढून ठेवलं. श्वास मंदावला तर तोच उतारा.

दीड वाजता पाय नीट उडाला, लघवीही सुटली. डोस दिला.

१२ जानेवारी
कळांचं औषध कालच सुरू केलं होतं. पहाटे मोकळी झाली. मुलगी, २ किलो १००. मॅग्नेशियम अजून चोवीस तास चालू राहील. वार पडली म्हणजे आजार संपला असं नव्हे.

नवीन डॉक्टरने चहा घेताना विचारलं, “मॅडम, दीडशेला झटके? माझ्या काकांचा तर रोज एकशेऐंशी असतो, ते शेतात जातात.”

तिचं कार्ड त्याच्यापुढे ठेवलं. तिसऱ्या महिन्यात ९६/६०. काकांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या वर्षानुवर्षांत चढ्या दाबाला सरावल्यात, त्यांच्या भिंती जाड झाल्यात. हिच्या वाहिन्यांना तेवढा वेळच मिळाला नाही. निरोगी मेंदूत दाब वाढला की बारीक धमन्या आकसतात आणि आतला प्रवाह जेवढ्यास तेवढा राहतो. या आजारात वारेतून आईच्या रक्तात अशी द्रव्यं उतरतात की रक्तवाहिन्यांचं अस्तरच बिघडतं. मग जेमतेम चढलेल्या दाबालाही ते गळतं. माठ पाझरावा तसं रक्तातलं पाणी मेंदूच्या पेशींभोवती झिरपतं आणि सुजलेला भाग भलत्याच वेळी पेट घेतो. मागच्या भागातल्या धमन्यांना आकसवणाऱ्या चेता तुलनेने कमी असतात, म्हणून बहुतेकदा सूज तिथे आधी. काजवे, अंधारी, मग झटके, हा क्रम त्यातूनच येतो. कधी मात्र काहीच सूचना न देता थेट झटका येतो.

“मग मॅग्नेशियमने दाब उतरतो?” फारसा नाही. ते मेंदूच्या पेशींना चेतवणारी वाट अडवतं. दाबाला वेगळं औषध लागतंच. दाब मोकाट राहिला तर डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो, आणि त्याला मॅग्नेशियम काय करणार? पूर्वी अशा बाईला डायझेपाम देऊन गुंगीत ठेवत. १९९५ साली अनेक देशांत मिळून केलेल्या चाचणीत मॅग्नेशियमवर पुन्हा झटके येण्याचं प्रमाण डायझेपामच्या निम्म्याहून कमी निघालं, आणि तो वाद मिटला.

१४ जानेवारी
काल दुपारी तिला सिस्टरांच्या साडीचा पांढरा रंग कळला, आज सकाळी मुलीच्या कपाळावरची तीट. एमआरआयसाठी जिल्ह्याला पाठवलं होतं. चित्रात मेंदूच्या मागच्या दोन्ही बाजूंना सुजेचे पांढरे डाग, रक्तस्राव नाही. हे पाणी बहुधा शोषलं जातं. रक्तस्राव असता तर गोष्ट वेगळी होती.

दाब अजून १५०/१००. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात तो पुन्हा चढतो, नेमका घरी सोडायच्या वेळी. गोळ्या चालू, मुक्काम वाढवला. भाऊ संक्रांतीला घरी न्यायचं म्हणत होता. नाही म्हटलं. तिळगूळ वॉर्डात वाटला.

१९ जानेवारी
१३०/८४. घरी सोडलं. नवरा चिठ्ठी घेऊन आला, कुणीतरी फेफऱ्याच्या गोळ्या लिहून दिलेल्या, कायमच्या. सासरी “फेफरंवाली सून आणली” अशी कुजबुज आधीच सुरू झाली होती. त्याला बसवून सांगितलं, हे फेफरं नाही, या गोळ्या नकोत. डिस्चार्ज कार्डावर ‘एपिलेप्सी नाही’ असं मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून सही केली. कुणी विचारलं तर दाखवा.

दाबाच्या गोळ्या चालू ठेवायच्या. आशाताई पहिले दोन आठवडे दिवसाआड दाब मोजतील. सहा आठवड्यांत कधीही डोकं ठणकलं किंवा अंधारी आली तर बाम न चोळता गाडी बोलवायची. पुढच्या खेपेला दिवस राहिल्याचं कळलं की लगेच यायचं. बाराव्या आठवड्यापासून ॲस्पिरिनची छोटी गोळी सुरू करायची, तेही कार्डावर लिहिलंय. नवऱ्याने दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, “पण मॅडम, पुढची खेप किती वर्षांनी?” त्याच्या बायकोने मान वर करून त्याच्याकडे असं पाहिलं की मला उत्तर द्यावं लागलं नाही.